सारांशातून गळणारी माणसे
(ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मंत्रालयातून निघालेला शासन निर्णय आज काही मिनिटांत गावापर्यंत पोहोचतो. पूर्वी तो पंचायत समितीच्या कपाटात महिनोन् महिने पडून राहत असे. आता तो पीडीएफच्या रूपाने तरुणांच्या हातातील मोबाईलवर येतो. पण कागद पोहोचला म्हणजे त्यातील आशय पोहोचला असे होत नाही. आठ-दहा पानांचा तो मजकूर गावात फारच थोडे लोक उघडतात आणि त्याहून थोडे तो शेवटपर्यंत वाचतात. गावाला प्रत्यक्षात कळतो तो कोणीतरी केलेला चार ओळींचा सारांश. चावडीवर, अंगणवाडीत आणि रेशनच्या रांगेत चर्चा होते ती त्या चार ओळींची. म्हणून गावापुरता विचार केला तर त्या चार ओळी हाच शासन निर्णय असतो, आणि त्या लिहिणाऱ्याच्या हाती, त्याला जाणीव असो वा नसो, शासनाच्या सहीइतकीच सत्ता आलेली असते.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांवर असे बंधन घातले आहे की, माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारे माध्यम यांचा विचार व्हावा. शासन निर्णय मराठीत असतो, त्यामुळे अक्षरशः पाहता स्थानिक भाषेची अट पुरी होते. परंतु ‘तथापि’, ‘उपरोक्त’, ‘अधिक्रमित’, ‘अनुज्ञेय’ या शब्दांची मराठी शेतमजूर स्त्रीची मराठी नव्हे. ही दरी कार्यकर्त्याने भरून काढायची आहे. ती भरताना काय गाळावे आणि काय प्राण गेला तरी गाळू नये, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम शासन निर्णयाची घडण लक्षात घेतली पाहिजे. वर विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक असतो. त्याखाली ‘वाचा’ या शब्दाने सुरू होणारी यादी असते. तिच्यात याच विषयावरील आधीचे निर्णय नोंदलेले असतात. मग प्रस्तावना येते, आणि त्यानंतर ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली खरा मजकूर सुरू होतो. शेवटी संगणक सांकेतांक, अधिकाऱ्याची डिजिटल स्वाक्षरी, प्रती कोणाकोणाला धाडल्या त्याची यादी आणि असल्यास परिशिष्टे असतात. यांपैकी प्रस्तावना, खर्चाचे लेखाशीर्ष, समित्यांची रचना आणि प्रतींची यादी गावासाठी गाळता येते. तेवढ्याने बराचसा मजकूर कमी होतो. परंतु ‘वाचा’ ही यादी आणि परिशिष्टे, जी बहुतेक लोक न वाचताच ओलांडतात, ती कार्यकर्त्याने अवश्य वाचली पाहिजेत. पहिलीतून कळते की हा निर्णय स्वतंत्र आहे की आधीच्या एखाद्या निर्णयातील बदल आहे. दुसऱ्यांत पुष्कळदा अर्जाचा नमुना आणि हमीपत्र असते, आणि ज्या अटी मुख्य मजकुरात एका ओळीत उरकलेल्या असतात त्या तेथे सविस्तर सापडतात.

हे सर्व हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. महिला व बालविकास विभागाने २८ जून २०२४ रोजी ‘मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण’ योजनेचा शासन निर्णय काढला. त्याची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. ती येथे करायची नाही. सारांश करणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय अभ्यासण्याजोगा आहे, कारण एकाच निर्णयात चुकण्याच्या जवळजवळ सर्व जागा सापडतात. त्यातील मुदती आता इतिहासजमा झाल्या आहेत. धडे झालेले नाहीत.

पहिली जागा तारखांची. मूळ निर्णयात एकच तारीख नव्हती, तारखांची मालिका होती. अर्ज १ जुलै २०२४ पासून घेतले जातील, शेवटचा दिवस १५ जुलै. १६ जुलैला तात्पुरती यादी. १६ ते २० जुलै या काळात हरकती. २१ ते ३० जुलै हरकतींचे निवारण. १ ऑगस्टला अंतिम यादी. आणि १४ ऑगस्टला पैसे. या मालिकेतून गावोगावी पोहोचण्याजोगी वाटते ती फक्त ‘१५ जुलै’ ही तारीख. पण ज्या स्त्रीचे नाव तात्पुरत्या यादीत आले नाही तिच्या दृष्टीने खरी अखेरची तारीख २० जुलै होती. हरकतीचे पाच दिवस सारांशातून गळले की तिचा दाद मागण्याचा हक्क कागदावर जिवंत राहून व्यवहारात मरतो. म्हणून तारीख नुसती लिहून भागत नाही. त्या तारखेला काय संपते किंवा काय सुरू होते, हे तिच्याशेजारी लिहावे लागते. ‘लवकर अर्ज करा’, ‘मुदत थोडीच आहे’ अशा शब्दांनी तारखेची जागा घेऊ नये. फलकावर ‘पुढील सोमवारपर्यंत’ असेही लिहू नये, कारण तो फलक तीन आठवड्यांनी वाचणाऱ्याचा सोमवार वेगळा असतो.

दुसरी जागा सीमारेषेच्या शब्दांची. पात्रतेची प्रत्येक अट म्हणजे एक कुंपण, आणि कुंपण नेमके कोठे आहे हे लहान शब्द ठरवतात: ‘पर्यंत’, ‘पेक्षा जास्त’, ‘पूर्ण’, ‘किंवा’, ‘केवळ’, ‘वगळून’. सोपी मराठी लिहिण्याच्या उत्साहात सर्वांत आधी बळी जातो तो या शब्दांचा. निर्णयात वयाची अट ‘२१ वर्षे पूर्ण’ अशी होती. गावात ‘एकविसावे लागले’ म्हणजेही एकवीसच समजतात. पण एकविसावे लागलेल्या मुलीची पूर्ण वर्षे वीसच असतात. ‘पूर्ण’ हा एक शब्द गळला की ती मुलगी कामाचा दिवस बुडवून येते आणि परत पाठवली जाते. उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी अडीच लाख रुपयांपर्यंत होती. एकट्या बाईचे उत्पन्न तेथे विचारलेले नव्हते, आणि महिन्याचेही नव्हते. चारचाकी वाहन कुटुंबातील कोणाच्याही नावावर नोंदलेले असेल तर अपात्रता येई, पण ‘ट्रॅक्टर वगळून’. हे दोन शब्द विसरणारा सारांश ट्रॅक्टर असलेल्या प्रत्येक घराला विनाकारण बाहेर काढतो.

अपवादाचेही असेच आहे. शासकीय मजकुरात नियम एका वाक्यात असतो आणि अपवाद ‘तथापि’ने सुरू होणाऱ्या पुढच्या वाक्यात असतो. कुटुंबातील व्यक्ती सरकारी नोकरीत असेल किंवा निवृत्तिवेतन घेत असेल तर बाई अपात्र, हा नियम. तथापि, अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेला आणि बाह्य यंत्रणेमार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून, सरकारी कार्यालयात काम करणारा माणूस घरात असेल तर त्यामुळे अपात्रता येत नाही, हा अपवाद. तालुक्याच्या दवाखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली झाडू मारणाऱ्या माणसाच्या घराचा प्रश्न या ‘तथापि’मध्ये होता. नियम लिहून अपवाद गाळला तर हानी नेमकी सर्वांत खालच्या थराची होते. म्हणून जेथे जेथे ‘तथापि’, ‘परंतु’, ‘मात्र’, ‘वगळून’ हे शब्द येतात तेथे मूळ प्रतीवर पेन्सिलीने खूण करावी, आणि सारांश पुरा झाल्यावर प्रत्येक खुणेचे उत्तर सारांशात आहे की नाही हे मोजून पाहावे.

तिसरी जागा नंतरच्या बदलाची, आणि फसगत येथे सर्वांत जास्त होते. मूळ निर्णयानंतर अवघ्या पाच दिवसांनी, ३ जुलै २०२४ रोजी, दुरुस्तीचा निर्णय निघाला. वयाची वरची मर्यादा ६० वरून ६५ झाली. पाच एकरांपेक्षा जास्त जमीन असलेल्या कुटुंबाला अपात्र ठरवणारी अट काढून टाकण्यात आली. कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीलाही लाभ देण्याचे ठरले. अर्जाची मुदत ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत वाढली, आणि त्या तारखेपर्यंत अर्ज करणाऱ्या पात्र स्त्रियांना लाभ १ जुलैपासून मिळेल असे जाहीर झाले. पुढे सप्टेंबरमध्येही नोंदणी चालू ठेवण्यात आली. पण २८ जूनचा पीडीएफ मोबाईलवरून नाहीसा झाला नव्हता. तो फिरतच राहिला. ज्या गावात पहिल्या निर्णयाचा फलक तसाच राहिला, तेथे बासष्ट वर्षांची विधवा आणि सहा एकर कोरडवाहूची मालकीण या दोघींना फलकानेच अपात्र ठरवले. म्हणून सारांशाच्या डोक्यावर निर्णयाचा दिनांक असलाच पाहिजे, आणि बदल झाला की जुना फलक पुसून नवा लिहावा. खाली जोडओळ लिहून भागवू नये. जोडओळ कोणी वाचत नाही.

याच दुरुस्तीतून चौथी जागा उत्पन्न झाली. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. तहसील कचेरीपुढच्या रांगा कमी करणारी ही मोठी सोय होती. पण सूट दाखल्यातून होती, उत्पन्नाच्या अटीतून नव्हती. ‘केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाची अट नाही’ असे वाक्य ऐकायला सोपे वाटते, परंतु ते खोटे आहे. आणि त्यावर विसंबून अर्जासोबतच्या हमीपत्रावर अंगठा उठवणारी बाई स्वतःच्या नकळत असत्य प्रतिज्ञा करून बसते. पुढे पडताळणी झाली की जबाबदारी तिच्यावर येते, सारांश लिहिणाऱ्यावर नव्हे. अट आणि तिचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सारांशातही त्या वेगळ्या ओळींत असाव्यात.

‘केवळ’ या शब्दाचीही अशीच गत होते. निर्णयात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया, तसेच कुटुंबातील केवळ एक अविवाहित स्त्री, अशी रचना होती. यातील ‘केवळ एक’ फक्त अविवाहितेला लागू आहे. त्याचे ‘घरातील एकाच बाईला’ असे सुटसुटीत रूपांतर केले की आई आणि मुलगी या दोघींपैकी एकीला उंबऱ्याच्या आतच थांबावे लागते.

एवढे ध्यानात घेऊन ३ जुलैनंतर लावायचा फलक कसा झाला असता ते पाहावे. तो असा:

“मुख्यमंत्री – माझी लाडकी बहीण योजना. शासन निर्णय २८ जून २०२४, ३ जुलै २०२४ च्या बदलांसह.

काय मिळते: दरमहा १,५०० रुपये. पैसे बाईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात.

कोणाला मिळते: महाराष्ट्रात राहणाऱ्या विवाहित, विधवा, घटस्फोटित, नवऱ्याने टाकलेल्या किंवा निराधार स्त्रीला, शिवाय कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीला. वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली हवीत. ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लाभ मिळतो. कुटुंबाचे सर्व मिळून वर्षाचे उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असावे. जमिनीची अट आता नाही.

कोणाला मिळत नाही: कुटुंबात कोणी आयकर भरत असेल, कोणी सरकारी नोकरीत असेल किंवा सरकारी निवृत्तिवेतन घेत असेल (ठेकेदारामार्फत काम करणारा आणि उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर अडचण नाही), कोणी आजी किंवा माजी आमदार-खासदार असेल, किंवा सरकारी मंडळाचा अध्यक्ष, संचालक अथवा सदस्य असेल, कोणाच्या नावावर चारचाकी असेल (ट्रॅक्टर चालतो). बाईला दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा जास्त मिळत असतील तरीही नाही. १,५०० पेक्षा कमी मिळत असतील तर फरकाची रक्कम मिळते.

कागद: आधारकार्ड, बँकेचे पासबुक, फोटो, रेशनकार्ड, हमीपत्र. उत्पन्नाचा दाखला, पण पिवळे किंवा केशरी कार्ड असल्यास दाखला लागत नाही. रहिवासाचा दाखला, तो नसल्यास १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र, अथवा जन्माचा दाखला, अथवा शाळा सोडल्याचा दाखला, यांपैकी कोणतेही एक. परराज्यात जन्मलेल्या सुनेसाठी नवऱ्याचा जन्माचा, शाळेचा किंवा रहिवासाचा दाखला चालतो.

कधीपर्यंत: अर्जाचा शेवटचा दिवस ३१ ऑगस्ट २०२४. त्या दिवसापर्यंत अर्ज केल्यास पैसे १ जुलै २०२४ पासूनचे.

कोठे: अंगणवाडी, ग्रामपंचायत किंवा सेतू केंद्र. बाईने स्वतः जावे. अर्जाला पैसे लागत नाहीत.”

एवढा मजकूर एका फलकावर मावतो. त्यात ‘परित्यक्ता’चे ‘नवऱ्याने टाकलेली’ झाले, ‘अधिवास’चा ‘रहिवास’ झाला, ‘बाह्य यंत्रणा’ची ‘ठेकेदारामार्फत’ झाली. परंतु एकही आकडा, एकही तारीख आणि एकही अपवाद हलला नाही. शब्द बदलावा, कुंपण जागेवरून हलवू नये. जेथे सोपा शब्द कुंपण हलवतो तेथे सरकारी शब्दच ठेवावा आणि त्याचा अर्थ शेजारी सांगावा. ‘कुटुंब’ हा असाच एक शब्द. गावात कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी सर्व माणसे. या योजनेसाठी मात्र जुलै २०२४ मध्येच पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले असा अर्थ सांगण्यात आला. म्हणजे तो खुलासा आल्यावर फलकावर आणखी एक ओळ चढवावी लागली असती, कारण दिराच्या गाडीचा प्रश्न त्या एका ओळीने सुटतो.

सारांश लिहून झाला की त्याची परीक्षा घ्यावी. परीक्षा म्हणजे वाचून ‘छान झाला’ म्हणणे नव्हे. कुंपणाच्या अगदी जवळ उभी असलेली माणसे मनाशी धरावीत आणि केवळ सारांशावरून त्यांचा निकाल लावावा. मग तोच निकाल मूळ निर्णयावरून लावून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत तर दोष सारांशाचा.

उदाहरणार्थ, त्रेसष्ट वर्षांची विधवा. सहा एकर कोरडवाहू, केशरी कार्ड, घरात ट्रॅक्टर. फलकानुसार वय बसते, जमिनीची अट नाही, ट्रॅक्टर चालतो, दाखला लागत नाही. उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ती पात्र. दुसरी, नवऱ्याने टाकलेली चाळिशीतील बाई. तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये मिळतात. ‘१,५०० किंवा जास्त’ या शब्दांमुळे ती अपात्र. फलकावर चुकून ‘१,५०० पेक्षा जास्त’ असे लिहिले असते तर तीच बाई पात्र ठरली असती आणि निष्कारण हेलपाटे घालत राहिली असती. तिसरी, स्वतःच्या नावावर जमीन असलेली शेतकरी स्त्री. तिला पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,००० रुपये मिळतात. बारा हजार भागिले बारा म्हणजे महिन्याला १,०००. ती अपात्र नाही. परंतु तिला १,५०० नव्हे तर फरकाचे ५०० मिळायचे. ‘दुसऱ्या योजनेचा लाभ घेणाऱ्यांना नाही’ असे लिहिणारा सारांश तिला पाचशेला मुकवतो, आणि ‘सर्वांना दीड हजार’ असे लिहिणारा तिला हजार रुपयांची खोटी आशा लावतो.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पुष्कळ पीडीएफ म्हणजे छापील कागदाची छायाचित्रे असतात, किंवा त्यांतील अक्षरे जुन्या वळणाची असल्यामुळे मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला की काना-मात्रा विस्कटतात. पुसट प्रतीत १ आणि ९, ५ आणि ६ यांची गल्लत सहज होते. म्हणून आकडे हाताने उतरवावेत आणि दुसऱ्याने ते मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचून ताडावेत. दुसरे असे की, फिरत आलेल्या प्रतीवर विसंबू नये. तिच्यावरील सांकेतांक घेऊन शासनाच्या संकेतस्थळावर मूळ निर्णय शोधावा, आणि तेथेच त्याच विषयावर नंतरचा निर्णय निघाला आहे काय तेही पाहावे. सारांशाच्या तळाशी तो सांकेतांक लिहून ठेवावा, म्हणजे ज्याला शंका येईल त्याला मूळ कागद मागता येईल.

शासनाच्या भाषेला बोजड म्हणून नावे ठेवणे सोपे आहे, आणि ती तशी आहेच. पण त्या बोजड भाषेत एखाद्या विधवेचा, एखाद्या सुनेचा, ठेकेदाराकडे राबणाऱ्या एखाद्या माणसाचा हक्क एका लहान शब्दात दडलेला असतो. कचेरीच्या खिडकीशी वाद झाला की खिडकीआतला माणूस मूळ निर्णयाकडे बोट दाखवतो. त्या वेळी बाहेर उभ्या असलेल्या बाईलाही गावच्या फलकावर वाचलेली ओळ सांगता आली पाहिजे, आणि ती ओळ त्या निर्णयाशी अक्षरशः जुळली पाहिजे.